निपाणीच्या काकांकडून विक्रीचे आणि स्टॉकचे आकडे मागताना

प्रश्न: बेळगावात उद्यमबागेत आमचा मसाल्याचा छोटा कारखाना आहे. निपाणीचे वितरक बाबांच्या वेळेपासूनचे, मी त्यांना काकाच म्हणते. महिन्याची विक्री आणि शिल्लक माल कळावा म्हणून मी त्यांना मेसेज केला, "कृपया मासिक स्टॉक स्टेटमेंट आजच पाठवावे, अन्यथा पुढील डिस्पॅच करता येणार नाही." तेव्हापासून ते माझा फोनसुद्धा उचलत नाहीत. आकडे तर मला हवेतच. कसं मागू म्हणजे ते आपणहून देतील?

उत्तर:

ताई, आधी काकांच्या गोडाऊनमध्ये उभं राहून तुमचा तो मेसेज वाचून बघा. तिथे जो माल आहे तो त्यांनी तुमच्याकडून विकत घेतलाय. बिल त्यांच्या नावावर आहे, भाडं ते भरतात, उंदीर-ओलीची जबाबदारी त्यांची, आणि उधारीवर दुकानदाराला दिलेला माल बुडाला तर बुडणारे पैसेही त्यांचे. अशा माणसाला "स्टेटमेंट पाठवा, नाहीतर माल बंद" म्हटलं की त्याला वाटणार, माझ्याच मालाचा हिशेब ही पोर मला विचारते. (तुम्ही कन्साइनमेंटवर माल ठेवत असाल, म्हणजे विकला जाईपर्यंत तो तुमच्याच मालकीचा असेल, तर गोष्ट वेगळी. पण मसाल्याच्या लाइनीत आपल्याकडे बहुतेक सगळं रोखीने किंवा उधारीच्या बिलावरच चालतं.)

मान दुखावला हा एक भाग झाला. त्याखाली भीती असते, आणि ती बोलून दाखवली जात नाही. सीमाभागातल्या वितरकांबरोबर बरीच वर्षं काम केल्यावर माझं मत असं झालंय की आकडे न देण्याचं खरं कारण आळस हे फार क्वचित असतं. विक्री चांगली दिसली की कंपनी टार्गेट वाढवते, कमी दिसली की शेजारी दुसरा वितरक नेमते, ही पहिली भीती. माझा नफा, माझे दुकानदार, माझी खरेदी कंपनीला कळेल आणि उद्या ती थेट दुकानात माल टाकेल, ही दुसरी. तिसरी खास आपल्या भागातली. निपाणीतला माल सीमेपलीकडे, दुसऱ्या वितरकाच्या हद्दीत कागल-गडहिंग्लजकडे जातो, बेळगावातला चंदगडकडे जातो. हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते कागदावर यायला नको असतं. तुमच्या मेसेजमधल्या "अन्यथा" या एका शब्दाने या तिन्ही भीती खऱ्या ठरवल्या.

म्हणून मेसेज सुधारून पुन्हा पाठवू नका. आता निपाणीला जा. आठवडी बाजाराचा दिवस आणि महिन्याचे शेवटचे दोन दिवस टाळा. दुपारी तीन-साडेतीनला गेलात तर सेल्समन लाइनवर गेलेले असतात आणि काउंटर थोडं निवांत असतं. वसुलीचा विषय त्या दिवशी अजिबात काढायचा नाही. तुमची बाकी असेल तर ती मागायला दुसऱ्या दिवशी फोन करा, पण आकडे आणि बाकी एका भेटीत किंवा एका मेसेजमध्ये कधीच आणू नका. वितरकाच्या मनात ती दोन्ही एकदा जोडली गेली की "आकडे मागतात म्हणजे पैसे मागणार" हे समीकरण पक्कं होतं, आणि पुढे तुमच्या कुठल्याच मेसेजला वेळेवर उत्तर येत नाही.

बोलायचं काय? मागचा मेसेज एका वाक्यात मागे घ्यायचा आणि लगेच कामावर यायचं. माफीचं लांबण लावलं तर काकांनाच अवघडल्यासारखं होतं. साधारण असं:

"काका, तो माल बंदचा मेसेज मी पाठवायला नको होता, तो विसरा. माल थांबणार नाही. माझी खरी अडचण सांगते. तुमच्याकडे किती माल शिल्लक आहे हे मला कळत नाही, म्हणून मी अंदाजाने मसाला कुटते. कधी तुमच्याकडे जुना साचतो, कधी ऐन वेळी तुम्हालाच कमी पडतो. फक्त तीन मालांचे आकडे मिळाले तरी माझं काम होईल. रेट नको, दुकानांची नावं नकोत, फक्त नग."

यात चार गोष्टी आहेत आणि त्या याच क्रमाने याव्यात. आधी धमकी मागे, मग तुमची अडचण, मग त्या अडचणीचा त्यांना होणारा त्रास, आणि शेवटी मागणी किती छोटी आहे ते. अडचण खरी हवी. मसाल्यात ती खरीच आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची आणून वर्षाचं तिखट, मसाला करून ठेवतात. त्या दिवसांत पाकिटाची मागणी घटते. वितरकाकडे मार्चमध्ये भरपूर शिल्लक असताना तुम्ही आणखी माल टाकलात, तर पावसाळ्यात त्याच पाकिटांचा वास उतरलेला असतो आणि दुकानदार परत करतो. हे काकांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुम्ही त्यांच्या अनुभवाशी जुळणारं कारण सांगितलंत की ते ऐकतात. "कंपनीला प्लॅनिंगसाठी हवंय" हे कारण त्यांनी मोठ्या कंपन्यांच्या पोरांकडून हजारदा ऐकलंय.

"तीन माल" हा आकडा मी मुद्दाम लिहिला. तुमची बावीस-पंचवीस प्रकारची पाकिटं असतील. पहिल्या तीन महिन्यांत त्यातली सगळ्यात जास्त खपणारी तीनच मागा. बहुतेक निम्म्याहून जास्त विक्री त्यांतच असते. सगळ्या मालांचं कोष्टक पाठवलंत तर दिवाणजी ते "सवडीने भरू" म्हणून बाजूला ठेवतो आणि ती सवड येत नाही.

दिवाणजीचं नाव घेतलंच आहे, तर सांगतो. काकांनी होकार दिला तरी आकडे काढणारा माणूस तोच. निघताना दिवाणजींसमोरच काकांना विचारा, "काका, दर महिन्याला तुम्हाला त्रास नको, मी दिवाणजींनाच मेसेज केला तर चालेल का?" काका "चालेल" म्हणाले की परवानगी मिळाली. त्यांना डावलून दिवाणजीला परस्पर मेसेज केलात तर मात्र तुम्ही त्यांच्या पाठीमागे हिशेब काढताय असं दिसेल. ही परवानगी घेतली नाही तर बाकीचं सगळं गोडीत असूनही काम अडतं.

मग दिवाणजींच्या शेजारी पाच मिनिटं बसा. निपाणीत बहुतेक वितरकांचं बिलिंग टॅलीवर असतं. टॅलीप्राइममध्ये `Stock Summary` उघडायची, `Alt+F2` दाबून महिना द्यायचा, तुमच्या कंपनीच्या स्टॉक ग्रुपवर एंटर करायचं. मग `F12` मध्ये जाऊन ओपनिंग, इनवर्ड, आउटवर्ड, क्लोजिंग हे चार रकाने सुरू ठेवायचे आणि रेट-व्हॅल्यूचे रकाने बंद करायचे. स्क्रीनवर उरतात ते फक्त नग. हे काकांना बोलावून दाखवा: "बघा काका, तुमचा रेट यात कुठेच नाही, दुसऱ्या कंपनीचा मालही नाही." दुसरी भीती या एका स्क्रीनने जेवढी जाते तेवढी कुठल्याही आश्वासनाने जात नाही. तुमचा माल वेगळ्या ग्रुपमध्ये नसेल, सगळ्या मसाल्यांबरोबर मिसळलेला असेल, तर तो वेगळा करून देण्यात दिवाणजींना मदत करा. काम एकदाच करावं लागतं. टॅली नसेल, वहीवर चालत असेल, तर वहीच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटोही चालेल असं सांगा, आणि खरोखर चालवून घ्या.

वेळ ठरवताना दिवाणजींचं कॅलेंडर बघा. दरमहा रिटर्न भरणाऱ्याला जीएसटीआर-1 पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत भरायचा असतो आणि 3बी साधारण 20 तारखेपर्यंत. म्हणजे 8 ते 11 या दिवसांत तुमचा मेसेज गेला की तो वाचून सोडला जाणार. बरं, 1 तारखेलाही मागू नका, कारण महिन्याची शेवटची बिलं, परत आलेला माल यांच्या नोंदी अजून चढायच्या असतात. मी 4 किंवा 5 तारीख सुचवतो. रिटर्नसाठी नोंदी पूर्ण करतच असतात, त्याच ओघात तुमचे चार रकाने निघतात. तिमाही रिटर्नवाले असतील तर दिवाणजींनाच विचारा की कुठली तारीख त्यांना सोयीची. तारीख त्यांनी सांगितलेली असली की ती पाळली जाते.

मग 4 तारखेला सकाळी दिवाणजींना मेसेज जाईल तो असा:

"नमस्कार दिवाणजी. काकांशी बोलणं झाल्याप्रमाणे जूनचे तीन मालांचे नग हवे होते: कांदा-लसूण मसाला 200 ग्रॅम, गरम मसाला 50 ग्रॅम, लाल तिखट 200 ग्रॅम. प्रत्येकाचं सुरुवातीचं शिल्लक, आलेला माल, गेलेला माल, शेवटचं शिल्लक. स्कीमचे फुकट नग आणि खराब माल वेगळे लिहिलेत तर त्याची क्रेडिट नोट मी याच महिन्यात काढते. आमच्याकडून जूनमध्ये निघालेला माल खाली लिहिलाय, जुळतोय का बघा. उद्या संध्याकाळपर्यंत चालेल."

या मेसेजमधलं सगळ्यात वजनदार वाक्य क्रेडिट नोटचं आहे. आकड्यांच्या बदल्यात त्यांना काय मिळणार हे त्यात आहे, आणि ते तारखेसकट आहे. दुसरं म्हणजे तुमच्याकडचा आकडा तुम्ही आधी दिलाय. नुसतं मागत नाही, तुमचं पानही उघडं करताय. आणि "आजच" नाही, "उद्या संध्याकाळपर्यंत". या एका दिवसाने तुमचं काही बिघडत नाही, त्यांना मात्र हातातलं काम संपवता येतं.

आता आकडे आले असं धरू आणि एकाच मालाचा हिशेब नीट मांडू, कारण खरा कस इथे लागतो. कांदा-लसूण मसाला 200 ग्रॅम, एका पेटीत 60 पाकिटं म्हणजे 5 डझन. दिवाणजींनी लिहून पाठवलं: सुरुवातीला 90 पेट्या, आल्या 150, विकल्या 144, गोडाऊनमध्ये शिल्लक 81.

तुम्ही कॅल्क्युलेटर काढता. 90 अधिक 150 म्हणजे 240, त्यातून 144 गेल्या तर 96 राहायला हव्यात. 81 आहेत. 15 पेट्या कमी. या ठिकाणी "15 पेट्यांचा फरक आहे, खुलासा करा" असा मेसेज गेला तर पुढच्या महिन्यापासून तुम्हाला आकडे येतील, पण ते जुळवलेले येतील. शेवटचं शिल्लक 96 लिहून मोकळे होतील, कोणी मोजणारही नाही. फरक दिसणारा कागद खोटा जुळणाऱ्या कागदापेक्षा कितीतरी मोलाचा आहे, हे दिवाणजींना तुमच्या वागण्यातून कळलं पाहिजे.

आधी आपल्या बाजूचं तपासायचं. जूनमध्ये दुकानदाराला एका डझनावर एक पाकीट फुकट अशी स्कीम होती का? होती. 144 पेट्या म्हणजे 720 डझन, म्हणजे 720 पाकिटं फुकट गेली. 60 ने भागलं तर बरोबर 12 पेट्या. बिलात फुकटचे नग वेगळे चढवले नाहीत तर ते विक्रीत दिसत नाहीत, गोडाऊनमधून मात्र गेलेले असतात. उरल्या 3 पेट्या. दिवाणजींना फोन केला: "दिवाणजी, स्कीमच्या 12 पेट्या मी धरल्या. तीन पेट्यांचा मेळ लागेना, परत आलेला माल बाजूला ठेवलाय का?" उत्तर येतं, "हो, पावसात टेम्पोत भिजला होता, पोत्यात घालून ठेवलाय, तुमचा माणूस येऊन बघणार होता, आलाच नाही." 15 चा हिशेब लागला.

यात काय उघड झालं बघा. काकांच्या 12 पेट्या स्कीममध्ये गेल्या आणि त्यांची भरपाई तुमच्याकडून निघायची होती. 3 पेट्या खराब मालाच्या दाव्यात अडकल्या होत्या आणि तुमचा माणूस फिरकला नव्हता. म्हणजे आकडे मागितल्याने काकांचेच पैसे सापडले. ती क्रेडिट नोट त्याच आठवड्यात काढा, खराब माल बघायला माणूस पाठवा, आणि मग काकांना, दिवाणजींना नव्हे, दोन ओळी लिहा:

"काका, दिवाणजींनी पाठवलेल्या आकड्यांवरून स्कीमच्या 12 पेट्या आणि भिजलेल्या 3 पेट्या आमच्याकडून राहून गेल्याचं दिसलं. स्कीमची क्रेडिट नोट आज काढली. भिजलेल्या पेट्या बघायला शुक्रवारी माणूस येतोय, त्यानंतर तीही निघेल."

पहिल्या महिन्यात हे घडवून आणा. नंतर आठवण करून द्यायची वेळ फारशी येत नाही. उलट एखाद्या महिन्यात तुम्हीच विसरलात तर दिवाणजी विचारतात, "ह्या महिन्याचं नको काय?" त्याउलट, आकडे घेतले आणि क्रेडिट नोट दोन महिने लोंबकळत ठेवली, तर तुमचा मेसेज कितीही गोड असला तरी तो रिकामा आहे हे त्यांना कळतं.

याच आकड्यांतून दुसरी गोष्ट द्यायची, ती म्हणजे पुढच्या ऑर्डरचा अंदाज. महिन्यात विक्री आणि स्कीम मिळून 156 पेट्या गेल्या, म्हणजे दिवसाला साधारण 5. हातात 81 चांगल्या पेट्या, म्हणजे जेमतेम पंधरा-सोळा दिवसांचा माल. बेळगावहून निपाणीला माल पोचायला वेळ लागत नाही, तरी तुमचं उत्पादन, पॅकिंग आणि गाडी भरण्याचे दिवस धरले तर हे थोडं कमी आहे. "काका, कांदा-लसूण पंधरा दिवस पुरेल असं दिसतं, तुम्हाला किती लागेल सांगा, तेवढं या आठवड्यात बाजूला ठेवते" असं लिहा. "किती पाठवू" हे त्यांनी ठरवायचं. तुम्ही स्वतःच "184 पेट्या पाठवते" असं लिहिलंत तर पहिली भीती परत आली: आकडे दिले आणि माल गळ्यात पडला. आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं: शिल्लक जास्त दिसली तर त्या महिन्यात तुम्हीच म्हणा, "काका, लाल तिखट भरपूर आहे तुमच्याकडे, ह्या वेळी घेऊ नका." तुमच्या महिन्याच्या विक्रीला त्याचा फटका बसेल. पण कंपनीने आपणहून माल कमी घ्यायला सांगितलं हे वितरक कधी विसरत नाही, आणि त्यानंतरचे आकडे खरे येतात.

आकडे खरे नाहीत हे ओळखायचं कसं, तेही सांगतो. विक्री दर महिन्याला तुमच्या पाठवलेल्या मालाएवढीच येत असेल, म्हणजे 150 पाठवल्या, 150 विकल्या, तर तो आकडा तुमच्याच बिलावरून उचललेला आहे. शेवटचं शिल्लक नेहमी 50, 80, 100 असं गोल येत असेल तर मोजणी झालेली नाही. मागच्या महिन्याचं शेवटचं शिल्लक आणि या महिन्याचं सुरुवातीचं शिल्लक जुळत नसेल तर कुठल्या तरी एका महिन्याचं पान अंदाजाने भरलंय. पण त्यांचा आलेला माल तुमच्या पाठवलेल्या मालाशी जुळत नसेल, तर आरोप करण्याआधी वाटेतला माल तपासा. तुमचं बिल 30 तारखेचं, गाडी 2 तारखेला पोचली, तर तुमच्याकडे तो माल जूनमध्ये दिसतो आणि त्यांच्याकडे जुलैमध्ये. महिनाअखेरीला टार्गेट पुरं करायला तुम्ही बिलं फाडत असाल तर हा घोळ दर महिन्याला होणार, आणि तो तुम्ही केलेला आहे. म्हणून मेसेजमध्ये तुमच्या बाजूचा माल लिहिताना बिलाची तारीख आणि गाडी सुटल्याची तारीख दोन्ही लिहा.

आकडा अंदाजाचा आहे असं नक्की वाटलं तर लिहून विचारू नका, फोन करा, तोही मोजणी सोपी करण्यासाठी: "दिवाणजी, तिन्ही माल मोजायला वेळ मिळत नसेल तर ह्या महिन्यात फक्त कांदा-लसूण मोजा, बाकीचे पुढच्या महिन्यात." लेखी शंका विचारली की ती काकांच्या नजरेस पडते आणि दिवाणजींची नोकरी मध्ये येते. मग ते स्वतःला वाचवण्यासाठी आकडे आणखी जुळवून पाठवतात.

आता कागल-गडहिंग्लजची गोष्ट. निपाणीची विक्री एकदम वाढलेली दिसली आणि त्याच महिन्यात तुमच्या कोल्हापूरकडच्या वितरकाने "माझ्या लाइनवर स्वस्त माल येतोय" अशी तक्रार केली, तर तुम्हाला दुवा लगेच दिसेल. तो दुवा काकांनी दिलेल्या आकड्यांवरून शोधलात हे त्यांना कळलं, तर निपाणीच काय, चिकोडी, अथणी, खानापूर सगळीकडचे आकडे बंद होतील. हे लोक एकमेकांना लग्नात भेटतात, रविवार पेठेत खरेदीला आले की भेटतात. माझा सल्ला स्पष्ट आहे: मासिक आकड्यांचा उपयोग हद्दीच्या भांडणात पुरावा म्हणून करायचा नाही, आणि हे काकांना पहिल्या भेटीतच सांगून टाकायचं. "काका, माल कुठल्या गावात गेला ते मी विचारणार नाही. हद्दीचं काही असेल तर त्यावर आपण वेगळं बसून बोलू." हद्दीचा प्रश्न खराच असेल तर तो दोन्ही बाजूंच्या रेट आणि स्कीममधल्या फरकातून सोडवावा लागतो. सीमेच्या अलीकडे जास्त स्कीम आणि पलीकडे कमी, असं असताना माल पलीकडे जाणारच. तो तुमच्या दरपत्रकाचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तुमच्याच हातात आहे.

याच कारणासाठी सगळ्या वितरकांचा एक ग्रुप करून त्यात आकडे मागू नका. एकाचा आकडा दुसऱ्याला दिसला की ज्याचा कमी आहे त्याला ओशाळल्यासारखं होतं आणि ज्याचा जास्त आहे त्याला नजर लागल्यासारखी वाटते. शिवाय "चिकोडीवाल्यांनी पाठवले, तुमचे राहिले" अशी आठवण करणं म्हणजे काकांना त्यांच्या पोराच्या वयाच्या वितरकाशी जोडून बोलणं. आठवण करायचीच असेल तर एकदाच, 6 तारखेला, एकट्या दिवाणजींना: "दिवाणजी, आकड्यांची वाट बघतेय. गडबडीत असाल तर फक्त कांदा-लसूणचं शेवटचं शिल्लक फोनवर सांगा, बाकी मी भरून घेते." बारांपैकी एक आकडा मिळाला तरी त्या महिन्याचं काम अर्धं होतं. दुसऱ्यांदा आठवण पाठवू नका, फोन करा.

अथणी आणि गोकाककडच्या वितरकांचं थोडं वेगळं आहे. तिथे बोलणं कन्नडमध्ये होतं, आणि मराठीत पाठवलेला मेसेज वाचता आला तरी परका वाटतो. तुम्हाला कन्नड लिहिता येत नसेल तर तुमच्या त्या लाइनच्या सेल्समनकडून लिहून घ्या, पण एकदा कन्नड चांगलं जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. कारण विनंतीचा सूर आणि हुकमाचा सूर यांतला फरक तिथेही क्रियापदाच्या शेवटातच असतो, आणि सेल्समन घाईत हुकमाचा लिहून टाकतो. मालाची नावं मात्र सगळीकडे बिलावर आहेत तशीच ठेवा. निपाणीच्या टॅलीत "कांदा लसूण", अथणीच्या टॅलीत दुसरंच काही, असं झालं की तुमच्याकडे दोन माल दिसायला लागतात. बिलावरचा कोड दोन्ही ठिकाणी लिहिला की हा घोळ होत नाही.

एवढं करूनही काका ऐकले नाहीत तर? असंही होतं, विशेषतः जिथे आधीच दुखावलंय. तीन महिने थांबा, आकडे नसले तरी स्कीमच्या आणि खराब मालाच्या क्रेडिट नोटा वेळेवर काढत राहा. दरम्यान तुमच्या सेल्समनला महिन्यातून एकदा त्यांच्या गोडाऊनमध्ये जाऊन, त्यांच्याच पोराला बरोबर घेऊन, तीन मालांच्या पेट्या मोजू द्या, काकांची परवानगी घेऊन. मोजलेला आकडा तिथेच एका चिठ्ठीवर लिहून त्यांच्या पोराला दाखवायचा आणि चिठ्ठीचा फोटो दिवाणजींना पाठवायचा. तुमचं पाठवलेलं आणि मोजलेलं शिल्लक दोन्ही असलं की विक्री तुम्हाला काढता येते: मागचं शिल्लक अधिक पाठवलेला माल वजा आताचं शिल्लक. त्यातून स्कीम आणि खराब माल वेगळा निघत नाही, म्हणून हा आकडा कच्चा धरा, पण मसाला किती कुटायचा हे ठरवायला तो पुरतो. करारात आकडे देण्याचं कलम असेल तर ते या तीन महिन्यांत काढू नका. ते काढायची वेळ आली तर समोरासमोर, बाबांना बरोबर घेऊन, आणि नव्या वर्षाच्या एप्रिलच्या स्कीमवर बोलायला बसाल तेव्हा, कारण तेव्हा तुमच्याकडेही देण्यासारखं काहीतरी असतं.